मिरजेत शाखा काढू का नको? एका बेकरीचा अहवाल लिहिताना

माझं काम करसल्लागाराचं, सांगलीत. वर्षाला बरेच प्रोजेक्ट रिपोर्ट माझ्या हातून जातात आणि ते जवळजवळ सगळे बँकेसाठी असतात. त्यांचा साचा ठरलेला आहे. आधी मालकाची माहिती, मग 'या व्यवसायाला परिसरात मोठा वाव आहे' असा परिच्छेद, मग खर्चाचा तक्ता आणि शेवटी दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढत जाणारी पाच वर्षांची विक्री. आमच्या धंद्यातलं उघड गुपित असं की ही विक्री बहुतेक वेळा उलटी काढलेली असते. हप्ता फेडून हातात पुरेसं उरतं असं बँकेला दिसायला हवं, म्हणून त्याला पुरेल एवढी विक्री आधी धरायची आणि मग तिच्याभोवती बाकीचे आकडे बसवायचे.

त्यामुळे गावभागातले बेकरीवाले काका आले आणि म्हणाले, "ताई, बँकेचं नंतर बघू. मिरजेत शाखा काढायची म्हणतोय, तर काढू का नको एवढंच मला कळेल असं काहीतरी लिहून द्या," तेव्हा नेहमीची फाईल उघडून उपयोग नव्हता. त्या फाईलमध्ये 'नको' हे उत्तर येण्याची सोयच नाही.

काकांची बेकरी जुनी. भट्टी आणि दुकान एकाच इमारतीत, गावभागात. किराणा दुकानांना जाणारा माल धरून रोजची विक्री सरासरी ३०,००० रुपये, म्हणजे वर्षाला एक कोटी आठ लाखांच्या आसपास. मिरजेत दवाखान्यांच्या रस्त्यावर एक गाळा त्यांनी बघून ठेवला होता. भाडं २८,०००. मुलाला तिथं केकचा थंड काउंटर लावायचा होता. एकूण खर्चाचा अंदाज नऊ लाख, त्यातले सहा लाख कर्जानं.

मी पहिला प्रश्न विचारला तो पैशांचा नव्हता. शाखा कशासाठी हवी आहे? काका म्हणाले, "पुरापायी ओ. एकोणीसला पाणी आलं, एकवीसला परत आलं. दुकान बंद पडलं की गिऱ्हाईक दुसरीकडं जातंय. मिरजेत एक दुकान असलं म्हणजे धंदा चालू राहील."

हे ऐकून मी अहवालाचा पहिला विभाग लिहिला. 'नेमकं काय ठरवायचं आहे' हा तो विभाग. मिरजेत फक्त विक्री होणार, भट्टी गावभागातच राहणार. म्हणजे २०१९ सारखं पाणी आलं तर भट्टी बंद, आणि भट्टी बंद म्हणजे मिरजेचं दुकानही दुसऱ्या दिवशी रिकामं. पुराचा प्रश्न विक्रीच्या शाखेनं सुटत नाही. तो सुटायचा असेल तर दुसरी भट्टी उंचावर, कुपवाडकडे वगैरे लावावी लागेल आणि तो वेगळा प्रस्ताव आहे, वेगळ्या खर्चाचा. मी पहिल्याच पानावर लिहिलं: 'हा प्रस्ताव पुरापासून संरक्षण देत नाही. त्याचा विचार केवळ जादा विक्रीसाठी करावा.' काका ते वाक्य वाचून बराच वेळ काही बोलले नाहीत. काकू मात्र लगेच म्हणाल्या, "मी हेच म्हणत होते."

याच विभागात पर्याय मांडून ठेवले. मोठी शाखा, छोटा काउंटर आणि काहीच न करणं. तिसरा पर्याय लिहायला लोक कंटाळतात, पण तो नसला की प्रस्तावाची तुलना कशाशी करायची हेच ठरत नाही आणि सगळंच फायद्याचं वाटू लागतं.

मग विभागांचा क्रम. बँकेच्या साच्यात बाजारपेठ आधी येते आणि अडथळे शेवटी, 'जोखीम' या मथळ्याखाली चार ओळींत. मी उलटं केलं. ज्या गोष्टीमुळे प्रस्ताव जागच्या जागी मोडू शकतो ती आधी तपासायची, कारण तिथंच मोडला तर पुढची मोजणी करण्यात अर्थ नाही. इथं अशा दोन गोष्टी होत्या, भट्टी आणि भाडेकरार. परवान्यांचं काम त्या मानानं सोपं असतं. नव्या जागेसाठी अन्न परवाना वेगळा काढावा लागतो, सांगलीचा चालत नाही. जीएसटीत मात्र राज्य एकच असल्यानं नवा नंबर लागत नाही, आहे त्याच नोंदणीत जादा जागा म्हणून पत्ता घालायचा. हे अर्ध्या पानात संपलं.

भट्टीचं तसं नव्हतं. काकांच्या मते भट्टीला 'भरपूर वाव' होता. मी कारागिरांकडून रोजची वही भरून घेतली. पहाटे पावाच्या लाद्या, मग ब्रेड, दुपारी खारी आणि टोस्ट, संध्याकाळी चारपासून भट्टी मोकळी. साध्या दिवशी खरोखरच वाव होता. मग मी दिवाळीआधीच्या पंधरवड्याचं विचारलं. त्या दिवसांत घरोघरच्या बायका नानकटाईचं सामान घेऊन भाजायला येतात, वर दुकानाची स्वतःची नानकटाई आणि बिस्किटं. भट्टी रात्री उशिरापर्यंत थांबत नाही. म्हणजे मिरजेच्या दुकानात सर्वांत जास्त मागणी ज्या दिवसांत येईल, नेमक्या त्याच दिवसांत पाठवायला जादा माल नसेल. भट्टीची क्षमता वर्षाच्या सरासरीवर तपासली असती तर हे दिसलं नसतं. ती गर्दीच्या पंधरवड्यावरच तपासायला लागते. त्यामुळे अंदाजात दिवाळीची वाढीव विक्री मी धरलीच नाही. मुलगा त्यावर नाराज झाला. त्याच्या हिशेबात दिवाळी सगळं भरून काढणार होती.

भाडेकराराचा मसुदा घरमालकानं पाठवला होता. पाच वर्षांचा करार, दरवर्षी पाच टक्के वाढ आणि पहिले छत्तीस महिने लॉक-इन. म्हणजे आधी सोडलं तरी उरलेल्या महिन्यांचं भाडं देणं लागतं. दुकान आठव्या महिन्यात बंद करायची वेळ आली तर अठ्ठावीस महिने उरतात. वाढ न धरताही ते ७,८४,००० रुपये होतात. नऊ लाखांच्या खर्चाच्या तक्त्यात ही रक्कम कुठंच नव्हती आणि नसतेच, कारण अशा तक्त्यात सुरू करायचा खर्च लिहितात, थांबवायचा लिहीत नाहीत. मी तक्त्याला 'बंद करावं लागलं तर' असा एक रकाना जोडला. माझ्या मते संपूर्ण अहवालातली सर्वांत उपयोगी जागा तीच.

आता विक्री किती लागेल याचा हिशेब. हा मी तीन पायऱ्यांत मांडला, कारण एकदम शेवटचा आकडा सांगितला की मालकाला तो पटत नाही.

काकांच्या वह्यांवरून असं निघालं की शाखेत शंभर रुपयांचा माल विकला तर मैदा, तूप, साखर, वेष्टन, भट्टीचं इंधन, कर आणि न खपलेला माल वजा जाता बत्तीस रुपये उरतील. सांगलीच्या दुकानात छत्तीस उरतात. फरक मुख्यतः न खपलेल्या पाव-ब्रेडचा. भट्टी शेजारी असली की माल लागेल तसा काढता येतो, दहा किलोमीटरवर पाठवायचा तर सकाळीच अंदाज करून पाठवावा लागतो. शाखेचा महिन्याचा ठरलेला खर्च होता भाडं २८,०००, तीन माणसांचे पगार ३६,०००, वीज ९,०००, टेम्पो आणि ड्रायव्हर १७,०००, किरकोळ ४,०००. एकूण ९४,०००. त्याला बत्तीस टक्क्यांनी आणि मग तीस दिवसांनी भागलं की रोज साधारण ९,८०० रुपयांची विक्री लागते. काकांच्या डोक्यात 'दहा हजार झाले की भागलं' हा आकडा होता, तो इथूनच आलेला.

दुसऱ्या पायरीला कर्जाचा हप्ता आला. सहा लाख, पाच वर्षं, अकरा टक्क्यांच्या आसपास व्याज धरलं तर महिन्याला तेरा हजार. म्हणजे रोज ११,१५० लागतात.

तिसरी पायरी मात्र कुठल्याच साच्यात नसते. मिरजेची काही गिऱ्हाइकं आजही सांगलीच्या दुकानात येतात. शाखा निघाली की ती तिथंच खरेदी करतील. शाखेच्या गल्ल्यात ते पैसे दिसतील, पण घरात नवीन काही आलेलं नसेल. हे किती असेल ते अंदाजानं ठरवायचं नव्हतं. सणवार नसलेला एक आठवडा काकूंनी गल्ल्यावर बसून प्रत्येक गिऱ्हाइकाला "कुठनं आला?" असं विचारलं आणि मिरजकडच्यांचं बिल वेगळ्या कागदावर लिहिलं. रोजचे सुमारे पावणेचार हजार रुपये मिरजेचे निघाले. त्यातली दोन तृतीयांश खरेदी शाखेकडे वळेल असं धरलं, म्हणजे रोज अडीच हजार. सगळी धरली नाही, कारण बरेचजण बाजाराला किंवा कामाला सांगलीत येतात आणि जाताना पाव घेऊन जातात, त्यांचं येणं चालूच राहणार. या अडीच हजारांवर सांगलीला मिळणारे छत्तीस टक्के बुडणार, महिन्याचे २७,०००. ते खर्चात धरलं की एकूण १,३४,००० होतात आणि रोजची लागणारी विक्री जाते जवळपास १४,००० वर.

९,८०० वरून १४,०००. दुकान तेच, भाडं तेच. काका तक्त्याकडे बघत म्हणाले, "म्हणजे माझंच गिऱ्हाईक मी भाडं भरून दुसरीकडं नेणार?" थोडंफार तसंच.

आता १४,००० होतील का, हे तपासायचं होतं. 'परिसरात दवाखाने असल्यानं कायम वर्दळ असते' असं लिहिणं सोपं होतं आणि ते खोटंही नाही. मिरजेला कर्नाटकातूनसुद्धा पेशंट येतात. पण पेशंटचा नातेवाईक काय घेतो? चहाबरोबर खायला पाव किलो खारी, ब्रेडचा पुडा, फार तर टोस्ट. तो घाईत असतो, केक घेत नाही. त्या रस्त्यावर एक जुनी बेकरी आहेच. तिच्या समोरच्या चहाच्या टपरीवर मी आणि काकांचा मुलगा आळीपाळीनं बसलो आणि पिशवी घेऊन बाहेर पडणारी माणसं तासातासानं मोजली. ओपीडीच्या दिवशी साधारण १९०, रविवारी निम्म्याहून कमी. नुसती गर्दी मोजून भागत नाही. रस्त्यावरून जाणारी आणि पिशवी घेऊन बाहेर पडणारी यांचा एकमेकांशी संबंध फार थोडा असतो.

बिल किती होतं हे कसं कळणार, असा प्रश्न होता. तो मुलानंच सोडवला. दुकानाच्या गल्ल्यावर यूपीआयचा आवाज करणारा डबा असतो. चाळीस रुपये, पंच्याऐंशी रुपये, तीस रुपये, असं तो मोठ्यानं सांगत राहतो आणि टपरीपर्यंत ऐकू येतं. मुलानं ते आकडे लिहून घेतले. सरासरी साठच्या आसपास आली. रोखीनं देणारे यात येत नाहीत आणि त्यांची बिलं बहुधा लहान असतात, हे मी तळटीप म्हणून लिहिलं. अहवालात कुठला आकडा मोजलेला, कुठला ऐकीव आणि कुठला धरलेला, हे शेजारी लिहायची सवय मी या कामात लावून घेतली. वाचणाऱ्याला मग कुठल्या आकड्यावर भांडायचं ते कळतं.

महिन्यातले चार रविवार धरून जुन्या बेकरीची रोजची सरासरी १७६ माणसं आली. साठनं गुणलं तर साडेदहा हजार रुपये. वर्षानुवर्षं बस्तान बसलेलं दुकान काउंटरवर साडेदहा हजार करतं आणि आपल्या नव्या दुकानाला तोटा टाळायलाच चौदा हजार लागतात. मोठ्या शाखेचा प्रश्न इथं संपला. मुलाचं म्हणणं होतं की केकमुळे बिल वाढेल. शक्य आहे. मी केकची बाजू वेगळी मांडली, तेव्हा दिसलं की थंड काउंटरची वीज, जादा माणूस आणि मोठ्या गाळ्याचं भाडं हे सगळं केकमुळेच येतंय आणि या रस्त्यावर केक घेणारा माणूस मोजणीत जवळपास दिसलाच नव्हता.

करासंबंधी एक गोष्ट इथंच आली आणि ती मला पैशांच्या विभागात वर आणावी लागली. काका जीएसटीच्या कॉम्पोझिशन योजनेत आहेत. उत्पादक म्हणून उलाढालीवर एक टक्का भरायचा आणि काम सुटसुटीत. या योजनेची मर्यादा दीड कोटी आहे आणि ती दुकानागणिक नसते, एका पॅनवरची सगळी उलाढाल एकत्र मोजली जाते. शाखेनं रोज चौदा हजार केले, त्यातून सांगलीचे अडीच हजार वजा केले, तर एकूण उलाढाल जाते एक कोटी एकोणपन्नास लाखांवर. म्हणजे शाखा तोट्यातून बाहेर येण्याची रेषा आणि कॉम्पोझिशनची मर्यादा जवळजवळ एकाच ठिकाणी. शाखा खरोखर फायद्यात आली की सांगलीच्या दुकानासकट सगळा धंदा साध्या नोंदणीत जाणार. केक-बिस्किटांवर पाच टक्के कर, कच्च्या मालावरच्या कराची वजावट, दर व्यवहाराची नोंद आणि नियमित विवरणपत्रं. हे काही संकट नव्हे, मोठ्या बेकऱ्या तसंच चालवतात. पण त्याचा परिणाम फक्त शाखेवर होत नाही, म्हणून तो शाखेच्या तक्त्यात न लिहिता संपूर्ण धंद्याच्या तक्त्यात लिहिला.

छोट्या काउंटरचा पर्याय मग नीट मांडला. आतल्या गल्लीतला लहान गाळा, भाडं १४,०००. दोन माणसं, २४,०००. केक नाही, फक्त पाव, ब्रेड, खारी, टोस्ट, बिस्किटं. मिरजेच्या किराणा दुकानांना माल टाकायला काकांचा टेम्पो सकाळी जातोच, त्यामुळे संध्याकाळच्या एका फेरीचं डिझेल तेवढं जादा, ५,०००. वीज आणि किरकोळ मिळून आणखी ५,०००. एकूण ४८,०००. दुकान लहान, गल्लीत आणि केक नसल्यानं सांगलीचं गिऱ्हाईक कमी वळेल. रोज हजार रुपये धरले, त्याचे महिन्याला १०,८०० बुडतील. कर्ज घ्यायचं नाही. हिशेब येतो रोज ६,१०० च्या थोडा वर, म्हणजे साठ रुपयांची एकशे दोन-तीन बिलं. जुन्या बेकरीच्या निम्म्याहून जास्त. हेही सोपं नाही आणि मी तसंच लिहिलं. पण उलाढाल सव्वा कोटीच्या आसपास राहते आणि घरातले साडेतीन लाखच गुंततात.

'बंद करावं लागलं तर' हा रकाना इथंही भरला. समजा रोज चार हजारच विक्री झाली. महिन्याला साधारण वीस हजारांचा तोटा, सहा महिन्यांत सव्वा लाख. पाटी आणि वायरिंगचे ६०,००० गेले. काउंटर आणि रॅकचे निम्मे पैसे, ७०,०००, गेले. एकूण अडीच लाखांच्या आसपास. एवढे पैसे जाऊ शकतात हे मान्य असेल तरच करा, असं पहिल्या पानावर आलं. त्याखाली दोन अटी लिहिल्या. लॉक-इन सहा महिन्यांपेक्षा जास्त नको आणि सहाव्या महिन्याची रोजची सरासरी पाच हजारांच्या खाली असेल तर गाळा सोडायचा. ही रेषा आधीच लिहून ठेवायची, कारण सहाव्या महिन्यात प्रत्येकाला 'आता दिवाळी येतेय, थांबू थोडं' असं वाटतं आणि दिवाळीत भट्टीला वाव नाही हे आपण आधीच बघितलंय.

पहिलं पान मी सगळ्यात शेवटी लिहिलं. त्यावर मोठ्या शाखेला नाही, छोट्या काउंटरला अटींवर हो, पुराचं वाक्य, अडीच लाखांचा आकडा आणि या दोन अटी, एवढंच. मोजणीचे कागद, काकूंच्या गल्ल्यावरच्या खुणा, फर्निचरवाल्याची कोटेशनं आणि कराराचा मसुदा मागे जोडले.

काकांनी लहान गाळ्याच्या मालकाशी बोलणं केलं. सहा महिन्यांच्या लॉक-इनला तो तयार झाला, पण डिपॉझिट ६०,००० ऐवजी एक लाख मागितलं. मुलगा म्हणाला, मग आता सगळा हिशेब बदलला. मी फक्त एक आकडा बदलला, गुंतणारी रक्कम साडेतीन लाखांऐवजी तीन लाख नव्वद हजार. बंद करावं लागलं तर जाणारे अडीच लाख तसेच राहिले, कारण डिपॉझिट परत येतं. ते किती दिवसांत परत करायचं, एवढं कलम करारात घालून घ्या, असं काकांना सांगितलं. ते म्हणाले, "घालतो की. आन् तेवढं पुराचं दुसरं कागद कधी करायचं?" कुपवाडच्या भट्टीचा हिशेब आता सुरू केलाय.